सभामंडपाच्या छपरासाठी वर्गणीचे पत्र: खर्च चौरस फुटात सांगा

‘छपरासाठी २,७०,००० रुपये हवेत’ एवढेच पत्रात लिहिले, तर आपण नेमके किती द्यावे हे भाविकांना कळत नाही आणि पत्र बाजूला पडते.

ठेकेदाराच्या लेखी अंदाजपत्रकातील एकूण रकमेला छपराच्या उताराच्या क्षेत्रफळाने (जमिनीच्या नव्हे) भागावे. समजा, छप्पर ९०० चौरस फूट आहे. म्हणजे एका चौरस फुटाला कौले, वासे, रिपा व मजुरी धरून ३०० रुपये पडतात. शिल्लक ६०,००० रुपये असल्यास पत्रात असे लिहावे:

‘सप्रेम नमस्कार. पावसाळ्यात कीर्तनाच्या वेळी वीणेकऱ्यांच्या डोक्यावर पाणी ठिबकते, हे आपण पाहतच आहात. छपराच्या एका चौरस फुटाला ३०० रुपये खर्च येतो. ९०० पैकी २०० चौरस फुटांची सोय झाली असून ७०० बाकी आहेत. आपण यथाशक्ती एक किंवा अधिक चौरस फुटांचा भार उचलावा, ही नम्र विनंती. याहून कमी रकमेचीही पावती आदरपूर्वक दिली जाईल.’

अंदाजपत्रकाची प्रत सोबत जोडावी. देणगीदारांच्या यादीचा धाक मात्र पत्रात नसावा. त्याने माणसे दुखावतात.

संस्थेकडे आयकर सवलतीची नोंदणी असेल तरच सवलतीचा उल्लेख करावा, आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही, हेही तिथेच नमूद करावे.