मातीच्या नमुन्यांचं ग्रिड शेताच्या दिशेला वळवताना

नमुन्याच्या जागा हाताने टिपू नका. सहा एकरांत पंधरा ठिकाणं सारख्या अंतरावर बसवायची तर स्प्रेडशीटची चार सूत्रं पुरतात.

शेत 200 × 120 मीटर धरू, अंतर 40 मीटर. लांबीत 5, रुंदीत 3 बिंदू. बांधापासून अर्धं अंतर, म्हणजे 20 मीटर, आत सुरुवात. कोपरे आधी यूटीएममध्ये, म्हणजे पूर्वेकडचं अंतर (ईस्टिंग) आणि उत्तरेकडचं अंतर (नॉर्थिंग) मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत, आणा. अक्षांश-रेखांशाच्या अंशांतच ग्रिड फिरवलं तर ते तिरकं होतं, कारण आपल्याकडे रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा लहान पडतो.

B1, B2 मध्ये पहिल्या कोपऱ्याचे ईस्टिंग, नॉर्थिंग. B3 मध्ये लांब बांधाचा दिशाकोन, B4 मध्ये अंतर, B5 मध्ये लांबीतले बिंदू. A10 पासून खाली 0 ते 14 आकडे. मग दहाव्या ओळीत अनुक्रमे B, C, D, E मध्ये ही सूत्रं लिहून खाली ओढा:

```
=(MOD(A10,$B$5)+0.5)*$B$4
=(INT(A10/$B$5)+0.5)*$B$4
=$B$1+B10*SIN(RADIANS($B$3))+C10*COS(RADIANS($B$3))
=$B$2+B10*COS(RADIANS($B$3))-C10*SIN(RADIANS($B$3))
```

खरी फसगत साइन-कोसाइनमध्ये आहे. शाळेतला कोन पूर्वेकडून डावीकडे मोजतात, दिशाकोन उत्तरेकडून उजवीकडे. पुस्तकातलं फिरवण्याचं सूत्र तसंच उचलून त्यात 62° घातले, तर लांबीची ओळ 28° वर जाते आणि रुंदी डाव्या हाताला उलटते. ग्रिड मात्र देखणं दिसतं, अंतरंही बरोबर 40 मीटर. म्हणून आलेख बघून चूक कळणारच नाही. सीनियरची तयार शीट मिळाली तरी आधी हीच दोन सूत्रं उघडून बघा. तयार शीटवर माझा फारसा विश्वास नाही.

पारख सोपी आहे. कोपरा 412300, 2068400 आणि कोन 62° असेल तर पहिला बिंदू 412327.05, 2068391.73 यायला हवा. चुकीच्या सूत्राने तो कोपऱ्याच्याही पश्चिमेला, 412291.73 वर पडतो. शिवाय D, E ची सूत्रं खालच्या रिकाम्या ओळीत ओढून तिथे B मध्ये 200, C मध्ये 120 टाका: उत्तर समोरच्या तिरक्या कोपऱ्याशी जुळलं पाहिजे. जीपीएसमुळे तीन-चार मीटर इकडेतिकडे झाले तर घाबरू नका. पन्नास मीटरचा फरक आला तर मात्र सूत्रच चुकलंय.

दिशाकोन होकायंत्राने घेण्यापेक्षा लांब बांधाच्या दोन कोपऱ्यांवरून काढा. B6, B7 मध्ये दुसऱ्या कोपऱ्याचे ईस्टिंग, नॉर्थिंग आणि B3 मध्ये हे सूत्र:

```
=MOD(DEGREES(ATAN2(B7-B2,B6-B1)),360)
```

स्प्रेडशीटचा ATAN2 आधी x घेतो, पायथनचा आधी y. तिथलं सूत्र इथे चिकटवलं की पुन्हा तोच 28° चा घोळ. पहिल्या कोपऱ्यावरून दुसऱ्याकडे तोंड केल्यावर शेत उजव्या हाताला हवं. डावीकडे असेल तर दोन्ही कोपऱ्यांची अदलाबदल करा.

एक उरलंच: ग्रिड बांधाला समांतर असतं आणि बहुधा सऱ्याही. त्यामुळे एक अख्खी ओळ सरीत आणि दुसरी वरंब्यावर पडू शकते. खत कुठे दिलंय ते विचारून सगळे नमुने एकाच जागेवरून, सगळे सरीतून किंवा सगळे वरंब्यावरून, घ्या. त्यासाठी बिंदू अर्धा मीटर सरकला तरी चालेल.