सोसायटीची सभा रेकॉर्ड करताय? संमती घेताना या चुका टाळा

कोथरूडमधल्या आमच्या 42 फ्लॅटच्या सोसायटीचा मी सचिव आहे. आमच्या सभा पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून होतात आणि बाहेरगावी राहणारे काही फ्लॅटमालक झूमवरून जोडले जातात. दोन वर्षांपूर्वी इतिवृत्त लिहायला सोपं जावं म्हणून मी सभा रेकॉर्ड करायला लागलो. तेव्हा केलेल्या एका चुकीमुळे एका काकूंना फार मनस्ताप झाला. त्या प्रसंगानंतर आम्ही पद्धत कशी बदलली ते इथे सांगतो, कारण तीच चूक बहुतेक सोसायट्यांत होताना दिसते.

त्या दिवशी पार्किंगमध्ये 19 जण होते आणि झूमवर 7. थकबाकीचा विषय निघाला आणि तळमजल्यावरच्या काकूंना त्यांच्या थकलेल्या देखभाल शुल्काबद्दल विचारलं गेलं. त्यांनी घरातलं आजारपण, ऑपरेशन आणि मुलाची गेलेली नोकरी, सगळं सांगितलं. तिथे बसलेल्या शेजाऱ्यांनी समजून घ्यावं एवढ्यासाठीच त्या बोलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गैरहजर सभासदांनी मागितलं म्हणून मी रेकॉर्डिंग ड्राइव्हवर चढवलं आणि त्याची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. कुणीतरी त्यातला दोन मिनिटांचा तुकडा कापला आणि तो काकूंच्या नात्यातल्या एका माणसापर्यंत पोहोचला. काकू माझ्या दारात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मला माहीत असतं तर मी बोललेच नसते."

मी मात्र परवानगी घेतली होती, निदान मला तसं वाटत होतं.

"कुणाची हरकत नाही ना?"

सभेच्या सुरुवातीला मी एवढंच विचारलं होतं आणि कुणी काही बोललं नाही म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. या प्रश्नातच खोट आहे. चारचौघांत एकट्याने हात वर करून "माझी हरकत आहे" म्हणणं अवघड असतं आणि ज्याच्याकडे थकबाकी आहे किंवा जो भाडेकरू आहे त्याला तर जास्तच. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, 2023 मध्येही संमती मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारलेली आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी असं म्हटलं आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. पण काकूंसमोर उभं राहायला मला कायद्याची गरज नव्हती. हरकत घ्यायची सोय मी ठेवलीच नव्हती, हे मला कळत होतं.

आता आम्ही सभेत विचारण्याआधी सभेच्या नोटिशीतच विचारतो आणि हरकत असलेल्याने सभेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मला किंवा खजिनदारांना एकट्याने फोन करावा असं लिहितो. शिवाय हजेरीपत्रकात सहीशेजारी "रेकॉर्डिंगला संमती: हो / नाही" असा रकाना ठेवला आहे. प्रत्येकाने आपल्या हाताने खूण करायची आणि झूमवरच्यांनी चॅटमध्ये "हो" किंवा "नाही" लिहायचं. एकाही "नाही"वर आम्ही कारण विचारत नाही. त्या सभेचं रेकॉर्डिंगच होत नाही, दोघे जण हाताने टिपणं घेतात. सुरुवातीला काही जणांना हे अति वाटलं. पण नकार देणाऱ्याला सर्वांच्या नजरेला तोंड द्यावं लागत नसेल तरच होकाराला अर्थ उरतो, असं माझं ठाम मत आहे.

झूम सूचना देतं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही

रेकॉर्डिंग सुरू झालं की झूम जोडलेल्यांना तशी सूचना देतं. त्यामुळे सगळ्यांना कळलं असं आपल्याला वाटतं. पण ती सूचना त्यांच्या-त्यांच्या पडद्यावर येते. पार्किंगमध्ये बसलेल्या 19 जणांसमोर एकच लॅपटॉप असतो, तोही माझ्याकडे तोंड करून. ज्यांचा आवाज सगळ्यात जवळून टिपला जातो त्यांनाच काही दिसत नाही. आमच्याकडे आता रेकॉर्डिंग सुरू असताना लॅपटॉपशेजारी "रेकॉर्डिंग सुरू आहे" अशी मोठ्या अक्षरांतली पाटी उभी असते आणि ते थांबवलं की ती आडवी केली जाते. साधी युक्ती आहे, पण उशिरा येऊन मागच्या खुर्चीवर बसणाऱ्याला तीच उपयोगी पडते.

मोफत झूम वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. 40 मिनिटं झाली की मीटिंग संपते आणि सगळे पुन्हा जोडले जातात. तेव्हा नवे चेहरे आलेले असतात आणि रेकॉर्डिंगही नव्याने सुरू करावं लागतं. म्हणून प्रश्नही पुन्हा विचारायचा.

रेकॉर्डिंग कुठे जातं ते आधी स्वतः तपासा

"रेकॉर्डिंग फक्त माझ्या लॅपटॉपवर राहील" असं मी पूर्वी बिनधास्त सांगायचो. ते खरं नव्हतं. मोफत झूममध्ये रेकॉर्डिंग संगणकावर, बहुधा Documents मधल्या Zoom नावाच्या फोल्डरमध्ये साठतं. पण अनेक विंडोज लॅपटॉपवर Documents फोल्डर आपोआप OneDrive वर जात असतो. माझा जात होता आणि त्या खात्याचा पासवर्ड माझ्या घरातल्या आणखी दोघांना माहीत होता. शिवाय त्या फोल्डरमध्ये नुसता व्हिडिओ नसतो. आवाजाची वेगळी फाइल असते आणि चॅटमध्ये कुणी काही लिहिलं असेल तर बहुधा तीही मजकुराची फाइल म्हणून जपली जाते. म्हणजे व्हिडिओ काढून टाकला तरी सगळं काढून टाकलं असं होत नाही.

हे तपासायला दहा मिनिटं लागतात. घरी एकट्यानेच एक मिनिटाची मीटिंग रेकॉर्ड करा, नेमक्या कोणत्या फाइल कुठे उमटल्या ते पाहा आणि मग दुसऱ्या फोनवर आपलं क्लाउडचं खातं उघडून त्या तिथेही दिसतात का ते बघा. दिसल्या तर तो फोल्डर सिंकमधून काढा किंवा झूमच्या सेटिंगमध्ये साठवण्याची जागा बदला. त्यानंतरच लोकांना "कुठे साठेल" ते सांगा.

गुगल ड्राइव्हवर टाकायचंच असेल तर लिंक असलेल्या कुणालाही उघडता येईल अशी परवानगी ठेवू नका. ठरावीक ईमेलनाच ती द्या. माझी सगळ्यात मोठी चूक तीच होती. आता रेकॉर्डिंग सचिव आणि खजिनदार सोडून कुणाकडेच नसतं. गैरहजर सभासदांना इतिवृत्त मिळतं, रेकॉर्डिंग नाही.

"उपयोग कशासाठी" हे अर्धवट सांगणं

"रेकॉर्डसाठी" हे कारण म्हणजे काहीच न सांगणं. आम्ही सभेआधी हे मोठ्याने वाचतो आणि नोटिशीतही छापतो:

"आजच्या सभेचं रेकॉर्डिंग फक्त इतिवृत्त अचूक लिहिण्यासाठी करायचं आहे. ते सचिव आणि खजिनदार ऐकतील. ते सचिवांच्या लॅपटॉपवर पासवर्डमागे राहील, ग्रुपवर टाकलं जाणार नाही. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम झालं की 7 दिवसांत काढून टाकू. हाताने घेतलेल्या टिपणांनाही हाच नियम आहे. निबंधक किंवा न्यायालयाने मागितलं तर मात्र द्यावं लागेल. कुणालाही नको असेल तर आत्ता किंवा नंतर सांगा. बोलताना एखादा भाग रेकॉर्ड होऊ नये असं वाटलं तर 'थांबवा' म्हणा."

यातलं निबंधकांचं वाक्य मी सुरुवातीला टाळत असे, लोक घाबरतील म्हणून. पण "कुणालाही देणार नाही" असं वचन द्यायला गेलं तर ते पाळणं आपल्या हातात नसतं. त्याच कारणाने, एखाद्या विषयावर वाद दाखल झाला असेल किंवा होण्याची चिन्हं असतील तर 7 दिवस मोजत बसू नका. काढून टाकणं थांबवा, वकिलाला विचारा आणि मुदत वाढवल्याचं सभासदांना कळवा.

टिपणांचा उल्लेख मुद्दाम आहे. काकूंच्या आजारपणाची गोष्ट माझ्या वहीतही नावानिशी लिहिलेली होती. इतिवृत्तात आता आम्ही "एका सभासदाने वैयक्तिक अडचणीमुळे हप्त्यांची मागणी केली, तीन हप्ते मंजूर" एवढंच लिहितो. ठराव नोंदवायचे असतात, घरचं दुःख नाही. आणि 'थांबवा' म्हटल्यावर पॉज दाबायचं, नंतर पडद्यावरची खूण बघून खरंच थांबलंय ना हे खात्रीने पाहायचं.

एक अपवाद

पुनर्विकासाची सभा वेगळी. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79(अ) खाली राज्य शासनाने 4 जुलै 2019 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार विकासक निवडण्याच्या विशेष सर्वसाधारण सभेचं चित्रीकरण करावं लागतं. तिथे परवानगी मागण्याचं नाटक करू नका. "हे चित्रीकरण निर्देशानुसार होत आहे" असं आधीच लिहून कळवा आणि ते कुठे राहील तेही सांगा. पर्याय नसलेल्या ठिकाणी "हरकत नाही ना?" विचारलं तर पुढच्या साध्या सभेतला तोच प्रश्नही लोकांना पोकळ वाटतो.

काढून टाकल्याची नोंद

डिलीट केल्यावर फाइल लगेच जात नाही. संगणकाचा रिसायकल बिन रिकामा करावा लागतो. गुगल ड्राइव्हच्या बिनमध्ये ती 30 दिवस राहते, म्हणून तिथूनही हाताने काढावी. व्हॉट्सॲपवर गेलेली फाइल परत घेता येते असं समजू नका. ज्याने उतरवून घेतली त्याच्याकडे ती राहतेच. म्हणून ती तिथे जाऊच द्यायची नाही.

मी आणि खजिनदार आता एकत्र बसून फाइल काढतो. त्यानंतर इतिवृत्ताच्या वहीत खाली एक ओळ लिहितो: "मागील सभेचं ध्वनिमुद्रण व टिपणं इतिवृत्त कायम झाल्यानंतर काढून टाकली. इतर प्रती नाहीत." खाली दोघांच्या सह्या. पहिल्यांदा ही ओळ लिहिली तेव्हा काकू सभेला होत्या. त्यांनी वही मागून घेतली, ओळ वाचली आणि त्या दिवशीच्या हजेरीपत्रकात, बऱ्याच महिन्यांनी, "हो"वर खूण केली.