परात्मता समजून घेताना या चुका टाळा

मालवा मिल हे इंदुरात आता मुख्यतः चौकाचं नाव झालंय. पण मार्क्सची परात्मता, म्हणजे माणसाचे श्रम त्यालाच परके होणं, समजायला अशा कापड गिरणीतला साचेवाला, म्हणजे माग चालवणारा कामगार, अजून कामाचा आहे. 1844 साली पॅरिसमध्ये, वयाच्या 26व्या वर्षी मार्क्सने जी टिपणं लिहिली (ती छापून आली थेट 1932 मध्ये), त्यांतलं विवेचन त्याच्यावर लावून पाहू.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे परात्मतेला कंटाळा समजणं. साचेवाला गाणं गुणगुणत काम करत असेल, तरी फरक पडत नाही. प्रश्न मनःस्थितीचा नाही, संबंधाचा आहे.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: वस्तू हातातून गेली की परात्मता आली, असं मानणं. आजीने शिवलेली गोधडी नातवाकडे जाते, ती काही परकी होत नाही. श्रम वस्तूत उतरणं हा माणसाचा स्वभावच आहे. श्रम वस्तूत उतरणं आणि परात्मता या दोन गोष्टी तत्त्वज्ञ हेगेलने एकच मानल्या, ही मार्क्सची तक्रार होती. साचेवाल्याचा तागा मात्र मालकाच्या गोदामात जातो, विकला जातो, त्यातून भांडवल वाढतं आणि उद्या त्याच्यावर दोनऐवजी चार साचे सांभाळायची पाळी येते. त्याचेच श्रम त्याच्यावर उलटतात.

अनेक जण इथेच थांबतात. पण माल परका होतो, कारण काम आधीच परकं झालेलं असतं. ओळखायचं कसं? भोंगा, मुकादम आणि पगाराची गरज, तिन्ही काढून टाका. मग तो साच्याजवळ जाईल का? जाणार नसेल, तर ते काम त्याचं नव्हतंच.

परात्मतेचा पुढचा पैलू म्हणजे 'स्वतःपासून दुरावणं'. याचा अर्थ छंदाला वेळ न मिळणं असा घेऊ नका. गरज नसतानाही, सौंदर्य पाहूनही घडवणं, यात मार्क्सला माणूसपण दिसतं. कापडावर हात फिरवताच दोष ओळखणारी साचेवाल्याची बोटं आता फक्त दंड चुकवायला राबतात. माणूसपणच पोट भरायचं साधन होतं.

इतरांपासूनचा दुरावा म्हणजे सहकाऱ्यांशी भांडण नव्हे. काम आपलं नाही, तर कोणाचं? देवाचं नाही, निसर्गाचं नाही. दुसऱ्या माणसाचं, मालकाचं. आणि फाटकाबाहेर बदली कामगार उभा असतो. आज आतला कोणी गैरहजर राहिला, तरच त्याला काम. दोघांत वैर नाही, तरी एकाचा ताप ही दुसऱ्याची हजेरी ठरते.

शेवटची गफलत कारणाची. खाजगी मालमत्तेमुळे परात्मता, असं सरसकट लिहिलं जातं. या टिपणांत क्रम उलटा आहे: परक्या श्रमातून मालमत्ता येते, नंतर दोन्ही एकमेकांना पोसतात. म्हणून पगारवाढ हा इथे उपाय ठरत नाही. दुप्पट पगार घेतला तरी साचेवाला तागा मालकाचाच विणतो, फक्त महाग दराने.