स्टार्टिंग ब्लॉकमधून निघताना वाकू नका, ढकला

'सर, शंभर मीटरच्या सुरुवातीला खाली राहायचं ना?' हा प्रश्न दर सीझनला येतो. हो, खाली राहायचं. पण कमरेत मोडून, हनुवटी छातीला चिकटवून नाही. टीव्हीवर धावपटू तिरका दिसतो, म्हणून पोरं तिरकेपणाची नक्कल करतात. ज्या जोराच्या ढकलीमुळे तो तिरका राहतो, ती मात्र कुणी बघत नाही.

माझा एक सतरा वर्षांचा पोरगा जिल्हा स्पर्धेत असाच निघाला. दुसरं पाऊल कमरेच्या पुढे पडलं, तिसऱ्याला तोल गेला आणि हात ट्रॅकला टेकले. 'पाय घसरला,' म्हणाला. मोबाईलवर घेतलेला स्लो मोशन व्हिडिओ त्याला दाखवला. पुढच्या पायाचा गुडघा सरळ व्हायच्या आतच त्याने पाऊल ब्लॉकवरून उचललं होतं. पहिलं पाऊल टाकायची एवढी घाई! ढकल अर्धी राहिली, छाती मात्र पुढे गेली. मग पडणारं अंग सावरायला पाय पुढे टाकावाच लागतो, आणि कमरेच्या पुढे पडलेला पाय ब्रेकच लावतो.

क्रम असा असतो: गन वाजली की दोन्ही पाय एकदम ढकलतात. मागचा पाय जोरात ढकलून लवकर सुटतो, पुढचा शेवटपर्यंत ढकलत राहतो. आधी कुल्ल्याचे आणि मांडीचे स्नायू, शेवटी पोटरी. गुडघा सरळ होतो तेव्हा टाचेपासून डोक्यापर्यंत जवळपास एक तिरकी रेघ दिसते. पहिल्या पावलाला पाय जमिनीवर सुमारे ०.२ सेकंद असतो, पूर्ण वेगात त्याच्या निम्माच. म्हणजे ढकलायला वेळ मिळतो तो सुरुवातीलाच. तिथे टपटप छोटी पावलं टाकणारी पोरं हीच संधी घालवतात.

त्या पोराला मी दोन आठवडे पूर्ण शंभर मीटर धावूच दिलं नाही. फक्त तीन पावलं, मग थांब. तोंड वाकडं केलं त्याने, पण केलं. पुढचा ब्लॉक रेषेपासून त्याच्याच पावलाच्या दोन लांबींवर, मागचा तीनवर. 'सेट'मध्ये पुढचा गुडघा साधारण ९० अंश, मागचा १२० ते १३०, कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर. कंबर फार वर नेली की पाय आधीच सरळ होतात, मग ढकलायला उरतं काय? माझी खूण सोपी: सुटताना पुढच्या पायाची नडगी, मांडी आणि पाठ एका रेघेत दिसली नाहीत, तर ती स्टार्ट मोजायची नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्टार्टरकडे बघू नका, नजर खाली. गनचा अंदाज घेऊन निघू नका, ०.१ सेकंदाच्या आतली प्रतिक्रिया फॉल्स स्टार्ट ठरते. आणि ब्लॉकचे खिळे नीट ठोका. ढकलल्यावर ब्लॉकच मागे सरकला, तर मांड्यांनी काय करायचं?