लेन्स सारखी धुरकट होतेय? नंबर तपासायच्या आधी मेकअपच्या या चुका तपासा

माझी मावसबहीण गेल्या वर्षी वैतागून माझ्याकडे आली, म्हणाली ताई माझा नंबर वाढलाय, लेन्स घातली की अर्ध्या तासात समोरचं सगळं दुधी काचेतून बघितल्यासारखं दिसतं, उजव्या डोळ्याला तर जास्तच. मी लेन्स फिटिंगचंच काम करते, रोज हेच बघते, त्यामुळे तिला पहिला प्रश्न विचारला की पापणी मिटून उघडलीस की काही फरक पडतो का? तर म्हणाली हो, दोन सेकंद एकदम क्लिअर होतं आणि परत धुकं. इथेच निम्मं उत्तर मिळालं. नंबर चुकला असेल तर पापण्यांची कितीही उघडझाप करा, अंधुक ते अंधुकच राहतं. उघडझाप केल्यावर साफ होऊन परत धूसर होत असेल तर गडबड बहुतेक वेळा लेन्सच्या पृष्ठभागावर किंवा अश्रूंच्या थरात असते. (कोरड्या डोळ्यांनीही असं होतं, पण मेकअप करत असाल तर आधी मेकअपकडे बघा.)

मग तिला लेन्स काढून चष्मा लावायला सांगितला. चष्म्यातून स्वच्छ दिसलं, म्हणजे डोळा आणि नंबर दोन्ही जागेवर. काढलेली लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन दिव्यासमोर तिरकी धरली तर वर पाण्यावर तेल सांडल्यावर दिसतो तसा रंगीत तवंग, आणि कडेला मस्काऱ्याचा बारीक काळा कण अडकलेला. लेन्स महिनाभर वापरायची सिलिकॉन हायड्रोजेलची होती. या मटेरियलमधून डोळ्याला ऑक्सिजन छान मिळतो, पण तेलकट गोष्टी त्याला पटकन चिकटतात, म्हणून मेकअपवाल्यांनी याचं जरा जास्त भान ठेवायला हवं.

आता हे तेल आलं कुठून? तिचा सकाळचा क्रम विचारला. आंघोळ, चेहऱ्याला आणि हातांना क्रीम, मग "हात धुऊन" लेन्स, मग मेकअप. हात धुते म्हणजे कसे, तर नळाखाली दोन सेकंद, साबण नाही. क्रीम नुसत्या पाण्याने जात नाही हो. ती उजवी लेन्स आधी घालायची, म्हणजे बोटावरचं सगळ्यात जास्त क्रीम उजव्या लेन्सला लागायचं आणि उरलंसुरलं डावीला. उजव्या डोळ्याला त्रास जास्त का, याचं कारण इतकं साधं निघालं!

पहिली चूक: क्रीम आधी, लेन्स नंतर

साधा साबण घ्या, ज्यात मॉइश्चरायझर किंवा तेल नाही आणि वास पण फार नाही असा, बोटांची टोकं नीट चोळून धुवा, आणि धागे न सुटणाऱ्या स्वच्छ टॉवेलला हात पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटाने लेन्स घालू नका, कारण लेन्सला नळाचं पाणी लागलंच नाही पाहिजे, त्यात अकॅन्थअमिबा नावाचा जीव असू शकतो आणि त्याचं इन्फेक्शन खूप दुखतं, बरं व्हायला महिने लागतात. लेन्स बसली की मग क्रीम, मग मेकअप. फक्त हेअर स्प्रे लेन्सच्या आधी मारा, त्याचे थेंब हवेत राहतात आणि लेन्सवर बसले की निघत नाहीत.

लेन्स आधी घालण्याचा अजून एक फायदा म्हणजे मेकअप करताना नीट दिसतं. मेकअप करून मग लेन्स घालायला गेलं तर बोटावर पावडर, पापणीवर पावडर, आणि पापणी ओढून धरताना ती सगळी लेन्सच्या खाली जाते. लेन्सच्या खाली गेलेला कण डोळ्यावर घासत राहतो, त्यातून कॉर्नियावर ओरखडा येऊ शकतो.

दुसरी चूक: काजळ आतल्या कडेला

हे कुणालाच ऐकायला आवडत नाही, मला माहितीय, कारण काजळ आत लावल्यावर डोळे दिसतातच सुंदर. पण पापण्यांचे केस आणि डोळा यांच्या मधली जी ओलसर गुलाबी कड असते ना, वॉटरलाइन, तिथे बारीक बारीक तेलग्रंथींची तोंडं एका ओळीत असतात. त्या ग्रंथींमधून येणारं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं म्हणून अश्रू लगेच सुकत नाहीत. तिथे मेणकट पेन्सिल फिरवली की एक तर ती तोंडं बुजतात आणि दुसरं म्हणजे रंग प्रत्येक उघडझापीला अश्रूंमध्ये उतरतो. लेन्स नसेल तर अश्रूंबरोबर बराचसा वाहून जातो, लेन्स असेल तर तो लेन्सवर बसायला लागतो.

बहिणीला हे पटेना, म्हणून करूनच बघितलं. नवीन लेन्सची जोडी उघडली, दोन दिवस डोळ्यांचा मेकअप पूर्ण बंद आणि हात साबणाने धुवायचे. दोन्ही दिवस संध्याकाळपर्यंत स्वच्छ. तिसऱ्या दिवशी मस्कारा आणि पापणीच्या केसांच्या बाहेर लायनर, तरीही ठीक. चौथ्या दिवशी आत काजळ, आणि तासाभरात डाव्या डोळ्यातलं धुकं परत, डोळ्याच्या कोपऱ्यात काळी तार. तुम्ही करून बघणार असाल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळतच नाही, आणि सुरुवात नवीन लेन्सनेच करा, कारण जुन्या लेन्सवर जे बसलंय ते बसलेलंच राहतं.

आता ती केसांच्या मुळाशी पण बाहेरच्या बाजूने लायनर लावते, कडेपासून थोडं अंतर सोडून. मस्कारा अगदी मुळापासून न लावता मधून टोकाकडे. धागे असलेला, केस लांब दाखवणारा मस्कारा लेन्सवाल्यांनी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्याचे धागे सुटून डोळ्यात पडतात. सैल पावडरच्या आणि चमकीच्या आयशॅडोचंही तेच, क्रीमवाली शॅडो कमी सांडते, पण तीही डोळ्यात गेली तर जास्त झोंबू शकते, म्हणून पापणीच्या कडेपासून लांबच. लावताना डोळा मिटा आणि ब्रश झटकून घ्या.

तिसरी चूक: लेन्स डोळ्यात असताना मेकअप काढणं

माझ्या मते सगळ्यात नुकसान ही चूक करते. रात्री दमून आलं की आधी तोंड धुवायचं, मग शेवटी लेन्स, असाच सगळ्यांचा क्रम असतो. पण रिमूव्हर चोळता तेव्हा मस्कारा विरघळून पातळ होतो आणि तो काळा रस थेट लेन्सवर जातो, वर रिमूव्हरचं तेल. तीच लेन्स मग केसमध्ये जाते आणि सकाळी परत डोळ्यात.

आधी साबणाने हात, लेन्स बाहेर, लेन्स तळहातावर घेऊन सोल्यूशन टाकून दोन्ही बाजूंनी बोटाने हलकं चोळायची, परत सोल्यूशननेच खळबळायची, मग ताज्या सोल्यूशनमध्ये बुडवायची. बाटलीवर नो रब लिहिलं असलं तरी मेकअप करणाऱ्यांनी चोळावीच, नुसतं बुडवून तेल जात नाही. (पेरॉक्साइडवालं सोल्यूशन असेल तर ते बाटलीतून थेट लेन्सवर टाकून डोळ्यात घालू नका, भयंकर भाजतं, त्याच्या खास केसमध्ये पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ ठेवायचं, साधारण सहा तास.) केसमधलं कालचं सोल्यूशन ओतून द्या, त्यातच थोडं नवीन घालू नका. आणि मायसेलर वॉटर हे लेन्सचं सोल्यूशन नाही, दिसायला दोन्ही पाण्यासारखी असली तरी.

लेन्स केसमध्ये गेली की मग मेकअप. कॉटन पॅड रिमूव्हरने चांगला भिजवा, मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसता धरा, मग खालच्या दिशेने एकदा पुसा. घासू नका. मुळाशी राहिलेलं इअरबडने, डोळा मिटून. आता पुढची पायरी बहुतेक जण सोडतात: सौम्य फेसवॉशने मिटलेल्या पापण्या धुऊन काढा. रिमूव्हर मेकअप काढतो पण स्वतः पापणीवर राहतो, तेलवाला असो की मायसेलर, आणि रात्रभर पापणीच्या कडेला बसून सकाळी नवीन लेन्सवर चढतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी म्हणतात मी रात्री सगळं काढते तरी सकाळी धूसर, त्यांची अडचण नेमकी ही असते.

म्हणूनच रोजच्यासाठी वॉटरप्रूफ नको असं मी सांगते. तो काढायला तेलच लागतं आणि जास्त घासावंही लागतं. त्यापेक्षा कोमट पाण्याने नळीसारखा सुटून येणारा ट्यूबिंग मस्कारा घ्या, किंवा साधा धुता येणारा.

लेन्स खराब झालीच तर

तवंग असेल तर सोल्यूशनने चोळून एकदा बघा. चोळूनही धूसर, किंवा रंगाचा डाग राहिला, तर फेकून द्या. एक दिवसाची लेन्स असेल तर धुवायचंच नाही, नवीन उघडायची.

मस्काऱ्याच्या बाबतीत मात्र मी अजिबात सवलत देत नाही. ब्रश पापणीला लागून परत नळीत जातो, आत ओल आणि अंधार, जंतूंना हवं तेच. उघडल्यापासून तीन महिन्यांत बदला, नळीवर तारीख लिहून ठेवा म्हणजे आठवायला लागत नाही. सुकला म्हणून पाणी घालून ढवळू नका, ब्रश नळीत वरखाली पंपासारखा मारू नका, आणि कुणाला वापरायला देऊ नका, बहिणीलाही नाही. लेन्सचा केसही तीन महिन्यांनी बदलायचा.

मस्काऱ्याचा ब्रश डोळ्याला लागला तर लगेच लेन्स काढा आणि त्या दिवशी चष्माच लावा. लेन्स काढून पण दुखणं कमी होत नसेल, उजेड सहन होत नसेल, चिकट स्राव येत असेल, नजर अंधुक झाली असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, सकाळपर्यंत थांबू नका. लेन्स घालणाऱ्यांचं कॉर्नियाचं इन्फेक्शन फार वेगाने वाढू शकतं. घरात पडलेला जुना ड्रॉप टाकू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर इन्फेक्शन आणखी भडकू शकतं. काढलेली लेन्स आणि केस फेकू नका, सोबत न्या, डॉक्टरांना त्यातून कोणता जंतू आहे ते तपासता येतं. बरं झाल्यावर मात्र तो मस्कारा, ती काजळ पेन्सिल, ती लेन्स आणि केस सगळं टाकून द्यायचं, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत ना लेन्स ना डोळ्यांचा मेकअप.