मोदिग्लियानी-मिलर: लेव्हर्ड कंपनीचं मूल्य काढताना या चुका टाळा

अर्थशास्त्रज्ञ फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांची दोन विधानं परीक्षार्थींना तोंडपाठ असतात. एक कंपनीच्या मूल्याचं, दुसरं भागधारकांच्या अपेक्षित परताव्याचं. तरीही हातात खरी कंपनी दिली की उत्तर 200 कोटींऐवजी 240 किंवा 175 ऐवजी 200 येतं, कारण विधानं पाठ केलेली असतात, पण पैसे कोणाकडे जातात ते लिहून पाहिलेलं नसतं.

म्हणून शेवटपर्यंत एकच कंपनी घेऊ. व्याज आणि कर जाण्यापूर्वी तिचा नफा दरवर्षी 24 कोटी रुपये आहे आणि तो तसाच कायम राहणार आहे. वाढ नाही. घसाऱ्याइतकीच रक्कम यंत्रांवर पुन्हा खर्च होते. शेअर 1 कोटी आहेत आणि कर्ज नसताना भागधारक 12 टक्के परतावा मागतात. ही कंपनी 8 टक्क्यांनी 100 कोटींचं कायमचं कर्ज काढते आणि त्या पैशातून स्वतःचेच शेअर विकत घेते, म्हणजे कर्ज असलेली, लेव्हर्ड कंपनी होते. (आपल्याकडे कंपनी कायद्यानुसार एवढा मोठा बायबॅक सहसा बसणार नाही, पण गणित समजायला तो सोयीचा आहे.)

कर्ज स्वस्त, म्हणून कंपनी महाग

ही सगळ्यात जुनी चूक, आणि घाईच्या लोकांची लाडकी. कर नाही असं धरू. कर्जाआधी मूल्य 24 भागिले 0.12, म्हणजे 200 कोटी. शेअर 200 रुपयांचा. आता निम्मं भांडवल 8 टक्क्यांचं झालं, मग सरासरी खर्च, म्हणजे वॅक, 10 टक्के आणि मूल्य 240 कोटी, असं उत्तर झरझर लिहिलं जातं.

चूक त्या 12 टक्क्यांत आहे. बँकेचे 8 कोटी आधी निघतात. चांगलं वर्ष असो की वाईट, त्यात बदल नाही. धंद्यातली सगळी चढउतार आता उरलेल्या 100 कोटींच्या शेअरवर येते. नफा 24 वरून 18 कोटींवर आला, तर पूर्वी भागधारकांचं उत्पन्न 25 टक्क्यांनी घटलं असतं. आता ते 16 वरून 10 कोटींवर येतं, म्हणजे 37.5 टक्क्यांनी घटतं. एवढी जोखीम घेणारा माणूस 12 टक्क्यांवर कसा थांबेल? दुसरं विधान नेमकं हेच सांगतं. त्यात `Re` म्हणजे कर्ज असताना भागधारकांचा अपेक्षित परतावा, `Ru` म्हणजे कर्ज नसतानाचा, `Rd` कर्जाचा दर, `D` कर्ज आणि `E` शेअरचं एकूण मूल्य:

```
Re = Ru + (Ru - Rd) × D/E
   = 12 + (12 - 8) × 100/100 = 16%
```

निम्मे 16 आणि निम्मे 8, म्हणजे वॅक पुन्हा 12 टक्के. मूल्य 200 कोटीच, आणि पहिलं विधान हेच.

याच चुकीचं दुसरं रूप ईपीएसमध्ये लपतं. 50 लाख शेअर परत घेतल्यावर प्रति शेअर नफा 24 वरून 32 रुपये होतो, आणि लोक शेअरचा भावही त्याच प्रमाणात वाढवून टाकतात. भाव 200 रुपयेच राहतो. घसरतो तो पीई, म्हणजे भाव भागिले प्रति शेअर नफा, 8.33 वरून 6.25 वर. जुनाच पीई नव्या नफ्याला लावणं म्हणजे जोखीम वाढलीच नाही असं मानणं.

कराची बचत दोनदा मोजणं

ही चूक मात्र शिकलेले लोक करतात, म्हणून जास्त त्रास देते. व्याज करपात्र नफ्यातून वजा होतं, म्हणून कर्जामुळे कर वाचतो. कराचा दर, सूत्रातला `t`, 25 टक्के धरू. (नव्या करप्रणालीत 22 टक्के, त्यावर अधिभार आणि उपकर मिळून 25.168 टक्के होतो. इथे सोपा आकडा घेतला आहे.)

शीट साधारण अशी दिसते. पहिल्या ओळीत करानंतरचा कामकाजी नफा 18 कोटी, तिसरीत वॅक 10.29 टक्के, पाचवीत मूल्य 175 कोटी. इथवर सगळं बरोबर. मग सहाव्या ओळीत ‘टॅक्स शील्ड 25 कोटी’ आणि शेवटी एकूण 200 कोटी. कर्जाच्या दरातून 25 टक्के वजा करून वॅक खाली आणला, तेव्हाच बचत मूल्यात आली होती. तीच पुन्हा बेरजेत घातली. काही जण उलट बाजूने चुकतात: अंशात भागधारकांचे 12 आणि बँकेचे 8, असे 20 कोटी घेतात आणि त्यांनाही 10.29 टक्केच लावतात. उत्तर साधारण 194 कोटी. हे 20 कोटी घ्यायचे तर कर्जाचा दर पूर्ण 8 टक्के ठेवून वॅक 11.43 टक्के येतो आणि मूल्य पुन्हा 175.

अशा शीटला हात लावण्याआधी मी कागदावर तीन नावं लिहितो: भागधारक, बँक, सरकार. कर्ज नसताना 24 कोटींपैकी भागधारकांना 18 आणि सरकारला 6. कर्ज आल्यावर बँकेला 8, उरलेल्या 16 पैकी सरकारला 4 आणि भागधारकांना 12. भागधारक आणि बँक यांचं मिळून मूल्य आधी 18 भागिले 0.12, म्हणजे 150 होतं, ते 175 झालं. ते वाढलेले 25 कोटी सरकारच्या पानातून आले आहेत. सरकारच्या हक्काची किंमत आधी 6 भागिले 0.12, म्हणजे 50 कोटी होती. आता 4 भागिले 0.16, म्हणजे 25. 75, 100 आणि 25 मिळून तेच 200 कोटी. करासहितसुद्धा धंद्याची भाकरी तेवढीच आहे, वाटणी बदलली. म्हणून लेव्हर्ड कंपनीचं मूल्य 200 आलं, तर तुम्ही सरकारचा वाटाही भागधारकांना देऊन टाकलेला आहे.

सरकारच्या वाट्यालाही 16 टक्के का लावायचे? कारण व्याज गेल्यावर उरलेल्या नफ्यात सरकार 25 टक्क्यांचा भागीदारच आहे, जोखीम भागधारकांइतकीच. त्यामुळे कर्ज रुपयांत तेवढंच असेल तर `Re` कर असताना आणि नसताना सारखाच येतो. तो वेगळा आला की सूत्रात `(1 - t)` राहिलं किंवा `E` चुकलं:

```
E  = 150 + 0.25 × 100 - 100 = 75
Re = 12 + (12 - 8) × 0.75 × 100/75 = 16%
```

`E` 75 ऐवजी 150 वजा 100, म्हणजे 50 घेणारे बरेच असतात. मग `Re` 18 आणि वॅक 10 टक्के येतो, आणि 18 भागिले 0.10 म्हणजे 180 कोटी. सुरुवात 150 ने केली होती. आपलाच आकडा आपल्याला खोटं ठरवतो. ही उलटतपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि ती टाळायला कुठलंच कारण पटत नाही.

बायबॅकचा भाव 150 धरू नका. घोषणा होताच शेअर 175 ला जातो, 57.14 लाख शेअर परत येतात आणि उरलेले 42.86 लाख गुणिले 175 म्हणजे 75 कोटी. 150 ला विकणारा 25 रुपये दुसऱ्याला देतो. माहिती असताना कोणी विकणार नाही.

वजनं पुस्तकी किमतीची नकोत, बाजारभावाची हवीत.

25 कोटी कायमचे नसतात

वर्षाची बचत 8 च्या 25 टक्के, म्हणजे 2 कोटी. ती 8 टक्क्यांनी कायम भांडवलात बदलली तर 25 कोटी. म्हणजे `t × D` हे सूत्र कर्ज कधीच न फिटणाऱ्या आणि दर वर्षी पुरेसा करपात्र नफा असणाऱ्या कंपनीपुरतं आहे. तेच 100 कोटी पाच वर्षांनी एकरकमी फेडायचे असतील, तर बचतीची आजची किंमत 2 गुणिले 8 टक्क्यांचा पाच वर्षांचा गुणक 3.993, म्हणजे सुमारे 8 कोटी, आणि मूल्य 158 कोटी. नफाच नसेल तर त्या वर्षी व्याजामुळे कर वाचत नाही. तोटा पुढे ओढून वाचला तरी उशिरा, म्हणजे कमी किमतीत.

कराचा परिणाम नीट बसवणं खुद्द मूळ लेखकांनाही 1958 च्या निबंधात जमलं नव्हतं. त्यांनी 1963 मध्ये दुरुस्ती छापली, आणि आज वापरतो ते `t × D` त्या दुरुस्तीतलं आहे. 1958 चा निबंध वाचून कराचं गणित करायला बसलात, तर आकडे जुळणार नाहीत.