छुपा शब्द की उलटा शब्द? गूढ शब्दकोड्यात या चुका टाळा

वाल्या कोळ्याला 'राम' म्हणता येईना, म्हणून नारदांनी त्याला 'मरा मरा' म्हणायला सांगितलं, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. गूढ शब्दकोडी सोडवणाऱ्याने ती एकदा कागदावर लिहून पाहावी. 'मरा' उजवीकडून वाचलं की 'राम'. आणि 'मरामरा' असं सलग लिहिलं, तर काहीही न उलटवता मधोमध 'राम' बसलेला दिसतो: म-राम-रा. पहिली युक्ती उलट्या शब्दाची, दुसरी छुप्या शब्दाची. कोड्यातले सगळ्यात सोपे म्हणून सांगितले जाणारे हे दोन प्रकार, आणि नवे लोक सगळ्यात जास्त अडतात तेही इथेच.

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण सोलापुरातल्या हुतात्मा बागेत बसतो. आधी इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक, म्हणजे गूढ शब्दकोडं, सोडवतो, मग एकमेकांसाठी घरून रचून आणलेले मराठी क्लू काढतो. खालचे बहुतेक क्लू आमच्या या बैठकीतलेच आहेत, आणि चुकाही तिथेच पाहिलेल्या.

एवढं आधी लक्षात घ्या. प्रत्येक क्लूच्या एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागात शब्दांची करामत असते, आणि ती करामत कोणती हे सांगणारा एक खुणेचा शब्द असतो. ज्या अक्षरांवर करामत करायची त्यांना आम्ही 'कच्चा माल' म्हणतो. कंसातला आकडा उत्तराची घरं सांगतो, आणि मराठीत एक घर म्हणजे काना-मात्रेसकट एक अक्षर.

खूण दिसली, पण ती कोणाला लागू आहे हे पाहिलं नाही

हा क्लू घ्या: नेहमी उलटा वागणारा सेवक (२).

'उलटा' दिसताच मी 'नेहमी'साठी 'सदा' घेतलं, उलटवलं, 'दास' आलं. दास म्हणजे सेवक. सगळं जुळलं म्हणून पेनाने लिहूनही टाकलं. पण त्याच पहिल्या घरातून खाली जाणारं उत्तर 'सकाळ' होतं, म्हणजे त्या घरात 'स' हवा होता. पुन्हा पाहिलं तेव्हा कळलं की उत्तर 'सदा' आहे: अर्थ 'नेहमी', आणि 'सेवक' म्हणजे दास उलटा. दोन्ही बाजूंना अर्थ आणि मधे खूण असली, की हा सापळा तयार होतो. इंग्रजीतही असे क्लू येतात आणि तिथे पुष्कळदा आडव्या-उभ्या शब्दांच्या सामाईक अक्षरावाचून निकाल लागत नाही.

मराठीत मात्र व्याकरण बरंच सांगून जातं. 'उलटा वागणारा' हे विशेषण आहे, आणि मराठीत विशेषण पुढच्या नामाला धरतं. इथे पुढे 'सेवक' आहे, म्हणून उलटायचं ते त्यालाच. 'नेहमी' उलटवायचं म्हटलं तर 'वागणारा' हा शब्द नुसताच लोंबकळत राहतो. तेव्हा उलटा, पाठमोरा, परतणारा, माघारी फिरलेला असं काही दिसलं, तर कच्चा माल त्याच्या पुढे शोधा. उलट 'परततो', 'उलटल्यावर', 'माघारी येताना' अशी क्रियापदाची रूपं आली, तर कच्चा माल मागे गेलेला असतो.

इंग्रजी कोड्यांची सवय असलेले लोक इथेच जास्त फसतात. इंग्रजीत छुप्या शब्दाच्या खुणा, म्हणजे 'सम', 'पार्ट ऑफ', 'विदिन', 'हेल्ड बाय', या कच्च्या मालाच्या आधी येतात आणि नजर पुढे जाते. मराठीत 'मध्ये', 'पोटात', 'आड', 'च्या कुशीत' हे सगळं मागाहून येतं. आमच्यातले एक काका, वर्षानुवर्षं इंग्रजी कोडी सोडवणारे, 'पोटात' दिसलं की त्याच्या पुढचे शब्द चाळत बसायचे. माल मागे पडून असायचा.

उलट्याच्या खुणांबद्दल एक छोटी गोष्ट. 'वर चढणारा', 'उठून', 'डोक्यावर उभा', किंवा इंग्रजीतलं 'अप', या खुणा फक्त उभ्या क्लूत उलटा शब्द सुचवतात, कारण तिथेच अक्षरं खालून वर वाचली जातात. आडव्या क्लूत 'वर' दिसलं तर ते दुसऱ्याच कशाचा भाग आहे असं समजा.

एवढीशी खूण नजरेतून सुटली

आता माझ्या भाचीचा क्लू. ती कॉलेजात आहे आणि आमच्यात सगळ्यात चांगले क्लू तीच रचते.

धडक मारलेल्या गाडीत उलटं लटकलेलं झाडावरचं खोडकर (३).

आम्ही सगळ्यांनी 'उलटं' पकडलं. विशेषण पुढच्याला धरतं, हा नियम तेव्हा पाठ झाला होता, म्हणून पुढचंच काहीतरी उलटवायचं ठरवलं. झाडावरचं काय? फळ, पान, घरटं. एकही उलटवून काही होईना. दहा मिनिटं गेली.

ज्याच्याकडे कोणीच पाहिलं नव्हतं ती खूण होती 'गाडीत'मधला 'त'. मराठीत छुप्या शब्दाची खूण पूर्ण शब्द असावी लागत नाही, एक प्रत्यय पुरतो. 'गाडीत' म्हणजे आत बघा. मग अक्षरं सुटी करून लिहिली: ध, ड, क, मा, र, ले, ल्या, गा, डी. यात सलग तीन घरं शोधायची आणि 'उलटं' असल्याने ती उजवीकडून वाचायची. ड-क-मा. उलटं मा-क-ड. झाडावरचं खोडकर.

म्हणजे 'उलटं लटकलेलं' खरोखरच पुढच्याला धरतं. पुढे जे माकड आहे तेच गाडीत उलटं लटकलंय. फक्त अक्षरं मागच्या शब्दांत आहेत. क्लूमध्ये आत आणि उलटं अशा दोन्ही खुणा असतील, तर अर्थाचे शब्द उलटवण्याच्या नादी लागू नका. सगळा क्लू सुट्या अक्षरांत लिहा आणि उजवीकडून एकदा वाचा. मिनिटभराचं काम आहे.

या क्लूवर माझा एकच आक्षेप राहिला: 'गाडी'तलं एकही अक्षर उत्तरात नाही. 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश पेपरात १९७२ मध्ये 'अझेड' नावाने कोडी रचू लागलेल्या जोनाथन क्राउदर यांनी सांगितलेली कसोटी अशी की चांगल्या क्लूत नेमका अर्थ, प्रामाणिक करामत आणि तिसरं काहीही नको. गंमत म्हणजे 'अझेड' हे नावच उलटा शब्द आहे. स्पॅनिश धर्मन्यायाधीश देझा, डी-ई-झेड-ए, उजवीकडून वाचला की ए-झेड-ई-डी. भाचीचं म्हणणं, गाडीशिवाय 'त' कुठे लावू? तिचं बरोबर आहे, आणि तरीही आक्षेप राहतो.

'पोटात' म्हटलं म्हणजे छुपाच असं धरलं

आणखी एक: काळ्याच्या पोटात आणि काय? पाहुण्याची वर्दी देणारा! (३)

'पोटात' वाचून 'काळ्याच्या'मध्ये शब्द शोधला तर हाती काही लागणार नाही. आधी घरं मोजा. का, ळ्या, च्या: घरं तीन आणि उत्तरही तीन घरांचं. मग लपायला जागा कुठे आहे? छुप्या शब्दात कच्चा माल उत्तरापेक्षा लांब असलाच पाहिजे, आणि चांगल्या क्लूत उत्तराच्या दोन्ही बाजूंना निदान एकेक अक्षर उरतं. तेवढं नसेल तर 'पोटात' ही दुसऱ्या प्रकारची खूण असते: एका शब्दाच्या आत दुसरा घाला. इथे 'काळा'च्या पोटात 'आणि', म्हणजे 'व'. का-व-ळा.

या दोन प्रकारांच्या खुणा जवळजवळ सारख्याच असतात, त्यामुळे नुसती खूण पाठ करून भागत नाही. फरक मोजणीने कळतो. छुप्यात उत्तराची अक्षरं क्लूमध्ये डोळ्यांसमोर लिहिलेली असतात, तर इथे ती समानार्थी शब्दांतून काढावी लागतात.

अक्षरं इंग्रजीसारखी मोजली

इंग्रजीत 'डेझर्ट्स' हा शब्द एकेक अक्षर उलटं लिहिलं की 'स्ट्रेस्ड' होतो. मराठीत काना-मात्रा आपल्या अक्षराला सोडत नाही. 'दास' उलटा 'सदा', 'साद' नव्हे. काना 'द'चा आहे, तो 'द'बरोबरच जातो. जोडाक्षराचं घर एकच, त्यामुळे ते मधे तुटत नाही.

हे न पाळल्याने माझा पहिला क्लू वाया गेला. सोलापूरकराने छुपा शब्द रचायचा म्हणजे 'चादर' आलीच. मी 'सुताचा दर्जा' घेतला आणि 'चा-दर' सापडलं म्हणून खूश झालो. पण 'दर्जा'ची घरं द आणि र्जा. सुटा 'र' तिथे नाहीच. मग तो असा दुरुस्त केला: पांघरूण कारखान्याचा दरवाजाच दडवतो (३). का-र-खा-न्या-चा-द-र-वा-जा-च, यात 'चादर' पूर्ण आहे आणि दोन्ही बाजूंना अक्षरं उरतात. 'दडवतो' क्रियापद, म्हणून कच्चा माल मागे. 'दरवाज्यात' लिहिलं असतं तरी चाललं असतं, कारण बदल 'चादर'च्या पलीकडे होतो. पण प्रत्यय लागून सामान्यरूपात नेमकी उत्तरातली अक्षरंच बदलणार असतील, तर दडवतो, बाळगतो, गिळतो अशी क्रियापदं वापरणं बरं.

शेवटचा वाद अजून मिटलेला नाही. भाचीने थंडीत हा क्लू आणला: 'कशी राहू? रडायलाच येतं' यात दडलंय शेतात बसून खायचं (३). उत्तर 'हुरडा'. पण क्लूत 'हू' दीर्घ आहे आणि उत्तरात ऱ्हस्व. मी म्हटलं, हे चालणार नाही. ती म्हणाली, "मामा, तुम्हीच नीट करून दाखवा."

दोन आठवडे प्रयत्न केला. मराठी शब्दाच्या शेवटी उकार आला की तो दीर्घ लिहायचा, म्हणून 'हु' वर शब्द तोडला की 'हू' होतो. 'हुर' वर तोडावा, तर अकारान्त शब्दात शेवटून दुसरा उकारही दीर्घ, 'हुरहूर'सारखा. शुद्धलेखन पाळून हुरडा दोन शब्दांत लपवायला मला जागाच सापडली नाही. सध्या तिचा क्लू आमच्या वहीत 'ऱ्हस्व-दीर्घ माफ' अशा शेऱ्यासह लिहिलेला आहे, आणि शेऱ्याखाली सही करायला मी अजून तयार नाही.